न्यासासाठी मिळकत घेताय? आधी ठराव नीट लिहा

न्यासाच्या नावावर घर, गाळा किंवा जागा घ्यायची ठरली की बहुतेक ठिकाणी पहिला फोन वकिलाला जातो आणि दुसरा एजंटाला. ठराव मात्र खरेदीखताच्या आदल्या दिवशी, कुणाच्या तरी जुन्या फाइलमधून नमुना काढून लिहिला जातो. त्यात एकच वाक्य असतं: "सदर मिळकत खरेदी करण्याचे सर्वाधिकार मा. अध्यक्षांना देण्यात येत आहेत." हे वाक्य मला फार धोक्याचं वाटतं. मिळकत कोणती, किंमत किती, पैसे कुठून येणार आणि हे सगळं ठरवण्याचा अधिकार विश्वस्तांना कुठून मिळाला, यातलं काहीच त्यात नसतं. पुढे बँक, दुय्यम निबंधक, धर्मादाय कार्यालय किंवा एखादा नाराज सभासद प्रश्न विचारतो, तेव्हा न्यासाच्या हातात दाखवायला हाच कागद असतो.

हा लेख नव्याने विश्वस्त किंवा सचिव झालेल्यांसाठी आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 खाली नोंदलेला कोल्हापुरातला एक शैक्षणिक न्यास आपण उदाहरणाला घेऊ. न्यास आणि आकडे कल्पित आहेत. विश्वस्त सात आहेत. बाहेरगावहून शिकायला येणाऱ्या मुलींसाठी वसतिगृह काढायचं म्हणून राजारामपुरीतलं एक दुमजली घर पाहून ठेवलं आहे. मालकाशी बोलून किंमत 62 लाखांवर आली आहे. कर्ज काढायचं नाही.

आधी विश्वस्तपत्र उघडा

ठरावाचा पहिला परिच्छेद अधिकाराचा असतो आणि तो विश्वस्तपत्रातून येतो. काही न्यासांत त्याला घटना म्हणतात, काही ठिकाणी नियमावली. त्यात तीन गोष्टी शोधा. स्थावर मिळकत खरेदी करण्याचा अधिकार कोणत्या कलमात दिला आहे? त्यासाठी साधं बहुमत पुरतं की जास्त संमती लागते? आणि ज्या कामासाठी मिळकत घेताय ते काम न्यासाच्या उद्देशांत बसतं का?

आपल्या उदाहरणात उद्देशांच्या कलमात "विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे चालविणे" असं स्पष्ट लिहिलेलं आहे. खरेदीचा अधिकार कलम 14 मध्ये आहे आणि त्यासाठी एकूण विश्वस्तांपैकी दोन तृतीयांश जणांची संमती हवी. सातांचे दोन तृतीयांश साडेचारच्या वर जातात, म्हणजे पाच जण हवेत. इथे "एकूण विश्वस्त" आणि "उपस्थित विश्वस्त" यांत गल्लत होते. सभेला चौघे आले, गणपूर्ती झाली आणि चौघांनीही हात वर केला, तरी या न्यासाचा ठराव मंजूर होत नाही. विश्वस्तपत्रात बहुमताबद्दल काहीच लिहिलेलं नसेल तर सगळ्या विश्वस्तांची संमती घेणं सुरक्षित. न्यासाचा निर्णय सर्व विश्वस्तांनी मिळून घ्यायचा, हे मूळ तत्त्व आहे. बहुमताने चालण्याची मोकळीक विश्वस्तपत्राने किंवा नियमांनी द्यावी लागते.

त्याबरोबर परिशिष्ट 1 चा ताजा उतारा काढा. सगळे त्याला शेड्यूल वनचा उतारा म्हणतात. धर्मादाय कार्यालयाच्या दप्तरी आज विश्वस्त म्हणून कोणाची नावं आहेत ते त्यात दिसतं. पुष्कळ न्यासांत निवडणूक होऊन नवे विश्वस्त आलेले असतात, पण हा बदल धर्मादाय कार्यालयाला कळवणारा अर्ज, म्हणजे चेंज रिपोर्ट, अजून मंजूर व्हायचा असतो. ठरावावर नवी नावं आणि उताऱ्यावर जुनी नावं असली की बँक लगेच थांबवते. चेंज रिपोर्ट प्रलंबित असेल तर तसं ठरावात लिहा, अर्जाचा क्रमांक द्या आणि त्याची प्रत जोडा. नव्या विश्वस्ताला सही करणारा नेमण्यापूर्वी वकिलांशी बोला.

परवानगीचा प्रश्नही इथेच मिटवायचा. न्यासाची मिळकत विकायची असेल तर 1950 च्या अधिनियमाच्या कलम 36 खाली धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते, हे सगळ्यांना माहीत असतं. ते कलम विक्री, अदलाबदल, बक्षीस आणि लांब मुदतीच्या भाडेपट्ट्यासाठी आहे. खरेदी करताना बघायची कलमं वेगळी आहेत. कलम 35 न्यासाच्या पडून असलेल्या पैशाची गुंतवणूक कुठे करायची ते सांगतं. भाडं मिळावं म्हणून गाळा घेत असाल तर ती गुंतवणूक होते, आणि कलमात सांगितलेल्या प्रकारांपलीकडे जायला आयुक्तांची परवानगी आधी हवी. वसतिगृहासारख्या थेट उद्देशाच्या कामासाठी घेताना पैसा उद्देशावर खर्च होतो, असं म्हणता येतं. म्हणून तो उपयोग ठरावात स्पष्ट लिहायचा. तरीही एवढ्या रकमेच्या व्यवहारात आपल्या वकिलांचं लेखी मत घ्या आणि परवानगी घ्यायची की नाही ते सभेपूर्वी ठरवा. कर्ज काढणार असाल तर आणखी एक कलम बघायचं. कलम 36अ प्रमाणे न्यासासाठी कर्ज घ्यायला सर्वसाधारणपणे आयुक्तांची पूर्वमंजुरी लागते. 

कोल्हापूरच्या आसपास जागा बघणाऱ्यांनी सातबारा नीट वाचावा. करवीर तालुक्यातल्या गावांत पुष्कळ जमीन अजून शेतीची आहे. न्यास शेतकरी नसतो, त्यामुळे शेतजमीन घ्यायला कुळकायद्याच्या कलम 63 खालची परवानगी लागते. भोगवटादार वर्ग 2 किंवा देवस्थान इनाम असा शेरा दिसला तर ठराव लिहायलाच बसू नका. आधी महसूल कार्यालयाकडून त्या शेऱ्याचा उलगडा करून घ्या. आपल्या उदाहरणातलं घर शहरात, ई वॉर्डात आहे. त्याला सातबाराऐवजी नगर भूमापनाची मिळकत पत्रिका निघते, म्हणून हा प्रश्न येत नाही.

सभेची नोटीस

मिळकत खरेदी हा "आयत्या वेळच्या विषयांत" घेण्याचा विषय नाही. नोटिशीत तो स्वतंत्र क्रमांकाने, मिळकतीच्या वर्णनासह आणि अंदाजे किमतीसह आला पाहिजे. न आलेल्या विश्वस्ताला नंतर "मला माहीतच नव्हतं" असं म्हणता येऊ नये. नोटीस किती दिवस आधी द्यायची ते विश्वस्तपत्रात असतं. ती मिळाल्याच्या सह्या नोटीस रजिस्टरवर घ्या. टपालाने पाठवली असेल तर पावती जपा.

नोटिशीसोबत चार कागद पाठवले तर सभा नीट चालते: मिळकत पत्रिका, मालकी हक्काबद्दलचा वकिलांचा शोध अहवाल, नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल आणि मालकाचा किमतीबद्दलचा लेखी प्रस्ताव. शक्य असेल तर महापालिकेच्या घरफाळ्याची शेवटची पावतीही मागवा. थकलेला घरफाळा कोण भरणार हा प्रश्न खरेदीनंतर निघाला की कटुता येते.

किंमत: आकडा आणि त्यामागचं कारण

कलम 36अ विश्वस्ताकडून अशी अपेक्षा करतं की सुज्ञ माणूस स्वतःच्या व्यवहारात घेतो तेवढी काळजी त्याने न्यासाच्या व्यवहारात घ्यावी. ठरावातला किमतीचा परिच्छेद हा त्या काळजीचा पुरावा आहे. म्हणून नुसते "62 लाख" लिहून थांबू नका. आपल्या उदाहरणात मूल्यांककाने 63 लाख 50 हजार किंमत काढली आहे आणि रेडी रेकनर म्हणजे सरकारी दरतक्त्याप्रमाणे मूल्य 58 लाख 40 हजार येतं. ठरलेली किंमत या दोन्हींच्या मधे आहे. ठरावात हे तिन्ही आकडे आले की किंमत का मान्य केली ते वेगळं सांगावं लागत नाही. किंमत मूल्यांकनापेक्षा जास्त असेल तर त्याचं कारण लिहा, उदाहरणार्थ शाळेला लागून असलेली तेवढी एकच जागा. लिहिण्यासारखं कारण सापडत नसेल तर किंमत पुन्हा बोलायला हवी.

किमतीशिवाय येणारा खर्चही ठरावातच मंजूर करून घ्या. मुद्रांक शुल्क ठरलेली किंमत आणि रेडी रेकनर मूल्य यांपैकी जास्त असेल त्यावर लागतं. शहरात ते स्थानिक अधिभारासह 6 टक्के धरलं तर 62 लाखांवर 3 लाख 72 हजार होतात. नोंदणी फी 30 हजार. वकील, शोध, मूल्यांकन आणि नाव लावण्याचा खर्च मिळून 38 हजार. हा सगळा वरखर्च 4 लाख 40 हजार झाला आणि एकूण गरज 66 लाख 40 हजारांची. दर बदलतात, म्हणून सभेच्या आठवड्यात दुय्यम निबंधक कार्यालयात एकदा खात्री करा.

किंमत 50 लाख किंवा त्याहून जास्त असेल तर खरेदीदाराने 1 टक्का टीडीएस कापायचा असतो. न्यासालाही ते लागू आहे. हा वेगळा खर्च नाही, मालकाला द्यायच्या रकमेतूनच तो जातो. इथे 62 हजार कापून सरकारजमा करायचे आणि मालकाला 61 लाख 38 हजार द्यायचे. विसार देतानाही त्या रकमेवर कपात करायची. 5 लाखांचा विसार असेल तर मालकाच्या खात्यात 4 लाख 95 हजार जातील. मालकाला हे आधी सांगा, नाहीतर खरेदीखताच्या टेबलावर वाद होतो.

पैसे कुठून येणार

"न्यासाच्या निधीतून" एवढं लिहिणं पुरेसं नाही. न्यासाच्या खात्यातला सगळा पैसा सारखा नसतो. काही रक्कम देणगीदाराने ठरावीक कामासाठी दिलेली असते. शिष्यवृत्तीसाठी आलेल्या ठेवीतून घर घेतलं तर ते घर कितीही उपयोगी असो, विश्वासभंग होतो. म्हणून प्रत्येक रकमेचं मूळ आणि ती कशासाठी होती ते लिहायचं.

आपल्या न्यासाकडे इमारत निधीच्या मुदत ठेवी 41 लाखांच्या आहेत. एका देणगीदाराने वसतिगृहासाठी म्हणून लेखी पत्रासह 15 लाख दिले आहेत. उरलेले 10 लाख 40 हजार सर्वसाधारण निधीतून घ्यायचे. बेरीज 66 लाख 40 हजार, म्हणजे वरच्या गरजेइतकी. ही बेरीज जुळली नाही तर ठरावात कुठेतरी एखादी रक्कम लपलेली आहे असंच वाचणारा समजतो.

ठेवींच्या पावत्यांचे क्रमांक आणि मुदत संपण्याच्या तारखा जोडपत्रात द्या. ठेव मुदतीआधी मोडली तर व्याज कमी मिळतं, तेव्हा खरेदीखताची तारीख ठेवींच्या तारखांशी जुळवून घेता येते का ते कोषाध्यक्षांनी सभेपूर्वी पाहावं. करसल्लागारांनाही याच टप्प्यावर विचारा. चालू उत्पन्नातून केलेली खरेदी आयकरात उद्देशावरचा खर्च म्हणून धरली जाते, पण कायम निधीतून गेलेली रक्कम तशी धरली जात नाही. इमारत निधी हिशेबात कायम निधी म्हणून दाखवला असेल तर आयकर सवलतीसाठी वर्षाच्या उत्पन्नाचे 85 टक्के उद्देशावर खर्च झालेले दाखवावे लागतात, त्या गणितात तो मोजता येणार नाही.

सगळं पेमेंट न्यासाच्या खात्यातून, मालकाच्या खात्यात, बँकेमार्फतच जाईल असंही लिहा. कुणा विश्वस्ताने विसार स्वतःच्या खिशातून देऊन नंतर न्यासाकडून परत घेण्याची पद्धत बंद करा. तिथून पुढे हिशेब कधीच नीट लागत नाही.

सही कोण करणार

खरेदीचा निर्णय विश्वस्तांनी घ्यायचा असतो आणि तो कुणा एकाला सोपवता येत नाही. सही करणारा माणूस झालेला निर्णय अमलात आणतो, एवढंच. त्यामुळे किंमत ठरवणं, मिळकत बदलणं, अटी बदलणं ही कामं त्याच्याकडे जाऊ देऊ नका. मी नेहमी दोघांची संयुक्त सही सुचवते, सहसा अध्यक्ष आणि सचिव यांची. एक आजारी पडला तर पर्यायी नाव कोणतं तेही त्याच ठरावात ठेवा.

ठरावात त्यांची पूर्ण नावं, पद आणि नमुना सही हवी. मग कामं एकेक लिहायची: विसार पावतीवर सही, साठेखत व खरेदीखतावर सही, दुय्यम निबंधकांसमोर हजर राहून कबुली, मुद्रांक शुल्क व टीडीएसचा भरणा, मिळकत पत्रिकेवर न्यासाचं नाव लावण्याचा अर्ज. त्याखाली मर्यादाही लिहा. मुदत घाला, सहा महिने पुरतात. मुदतीत व्यवहार झाला नाही तर अधिकार आपोआप संपतो आणि विषय पुन्हा सभेपुढे येतो.

खरेदीदार म्हणून खरेदीखतात न्यासाचं नाव, नोंदणी क्रमांक आणि "तर्फे अधिकृत विश्वस्त" असं यायला हवं. अध्यक्षांच्या वैयक्तिक नावावर "सध्यापुरती" मिळकत घेऊ नका. त्यांच्या पश्चात वारसांकडून ती परत मिळवण्यात वर्षं जातात.

ठरावाचा मजकूर

आपल्या न्यासाच्या सभेत सहा विश्वस्त आले. त्यातल्या एकांनी सांगितलं की मालक त्यांचे चुलत मेहुणे आहेत. त्यांनी हे नाव घेऊन उघड केलं, ते बाहेर थांबले आणि मतदानात नव्हते. उरलेल्या पाचांनी एकमताने ठराव केला. पाच हीच किमान संख्या होती. आणखी एक जण गैरहजर असता तर सभा पुन्हा बोलवावी लागली असती. इतिवृत्तात हे जसं घडलं तसंच लिहायचं. आता मजकूर:

> ठराव क्र. ____, दि. ____
>
> विषय: वसतिगृहासाठी स्थावर मिळकत खरेदी करणे.
>
> न्यासाच्या विश्वस्तपत्रातील कलम 14 अन्वये विश्वस्तांना स्थावर मिळकत खरेदीचा अधिकार असून त्यासाठी एकूण विश्वस्तांच्या दोन तृतीयांश संमतीची आवश्यकता आहे. श्री. ____ यांनी विक्रेत्याशी असलेले नाते जाहीर करून चर्चेत व मतदानात भाग घेतला नाही. उर्वरित उपस्थित 5 विश्वस्तांनी (एकूण विश्वस्त 7) खालीलप्रमाणे ठराव एकमताने मंजूर केला.
>
> 1. तालुका करवीर, कोल्हापूर शहर, ई वॉर्ड, राजारामपुरी येथील सि.स.नं. ____, क्षेत्र ____ चौ.मी. ही मिळकत त्यावरील इमारतीसह, न्यासाच्या उद्देशांपैकी विद्यार्थिनी वसतिगृह चालविण्यासाठी, श्री. ____ यांचेकडून निर्वेध व बोजारहित खरेदी करावी.
>
> 2. मूल्यांकन अहवाल दि. ____ (रु. 63,50,000) व रेडी रेकनर मूल्य (रु. 58,40,000) विचारात घेऊन खरेदी किंमत रु. 62,00,000 (अक्षरी रुपये बासष्ट लाख फक्त) मान्य करण्यात येत आहे. मुद्रांक शुल्क, नोंदणी व अनुषंगिक खर्चास रु. 4,40,000 च्या मर्यादेत मंजुरी देण्यात येत आहे.
>
> 3. एकूण रु. 66,40,000 पुढीलप्रमाणे उभे करावेत: इमारत निधी मुदत ठेवी रु. 41,00,000, वसतिगृहासाठी प्राप्त देणगी (पत्र दि. ____) रु. 15,00,000; सर्वसाधारण निधी रु. 10,40,000. यासाठी कोणतेही कर्ज घेऊ नये. सर्व रकमा न्यासाच्या बँक खात्यातूनच अदा कराव्यात.
>
> 4. अध्यक्ष श्री. ____ व सचिव श्रीमती ____ यांना विसार पावती, साठेखत व खरेदीखत यांवर न्यासाच्या वतीने संयुक्त सही करण्याचा, नोंदणीसाठी हजर राहून कबुली देण्याचा, शुल्क व टीडीएस भरण्याचा आणि मिळकत पत्रिकेवर न्यासाचे नाव दाखल करून घेण्याचा अधिकार देण्यात येत आहे. त्यांच्यापैकी एक अनुपलब्ध असल्यास कोषाध्यक्ष श्री. ____ यांनी सही करावी. किंमत, मिळकत किंवा निधीचा स्रोत बदलण्याचा, मिळकत गहाण ठेवण्याचा अथवा हा अधिकार अन्य कोणास देण्याचा त्यांना अधिकार नाही. हा अधिकार दि. ____ पर्यंत राहील.
>
> सूचक: ____ अनुमोदक: ____

खाली मतदान केलेल्या सगळ्या विश्वस्तांच्या सह्या घ्या. बँकेला आणि दुय्यम निबंधकांना द्यायची खरी नक्कल सही करणाऱ्या दोघांनीच प्रमाणित करू नये. तिसऱ्या विश्वस्ताची सही घेतली तर कुणाला शंका घ्यायला जागा उरत नाही.

कुठे बिघडतं

सगळ्यात जास्त घोटाळा तारखांचा होतो. विसार आधी दिला जातो, ठराव नंतर होतो, मग ठरावावर जुनी तारीख टाकली जाते. असं कधीही करू नका. विसाराची रक्कम बँकेत आजच्या तारखेला दिसते आणि इतिवृत्ताच्या पानांचा क्रम लगेच खोटं उघडं पाडतो. विसार आधी गेलाच असेल तर नव्या सभेत तो का व कुणाच्या सांगण्यावरून दिला ते लिहून, त्यास मान्यता देणारा वेगळा ठराव करा.

ठराव झाल्यावर मालकाने 2 लाख वाढवले तर दुरुस्ती ठराव हवा, तोही त्याच दोन तृतीयांश संमतीने. सि.स. क्रमांकात एक आकडा चुकला तरी तसंच. मिळकतीचं वर्णन ठराव, खरेदीखत आणि मिळकत पत्रिका या तिन्हींत अक्षरशः सारखं आहे का, हे दोन जणांनी मोठ्याने वाचून तपासावं.

खरेदीखत नोंदलं की काम अजून शिल्लक असतं. मिळकत न्यासाच्या दप्तरात यायला हवी, म्हणून कलम 22 खाली 90 दिवसांत चेंज रिपोर्ट दाखल करा. त्याला ठरावाची खरी नक्कल, खरेदीखत, दुय्यम निबंधक कार्यालयातून मिळणारा नोंदणीचा गोषवारा म्हणजे इंडेक्स टू, आणि निधीचा तपशील जोडा. उशीर झाला तर माफीचा अर्ज वेगळा करावा लागतो. त्याच काळात नगर भूमापन कार्यालयात नाव लावण्याचा अर्ज द्या आणि महापालिकेत घरफाळ्याला न्यासाचं नाव लावून घ्या. या तिन्ही अर्जांना तोच ठराव लागतो, तेव्हा सभा झाली की खऱ्या नकलांच्या दहा प्रती एकदमच काढून ठेवा.